एक ओढून, एक पिळून: दोन चाचण्यांतून चार आकडे काढताना तिसरा आणि चौथा का हुकतो

बेळगावच्या उद्यमबागेत ज्या टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करतो, तिथं दर सेमिस्टरला कॉलेजची पोरं येतात. मागच्या खेपेला खानापूरकडचा एक पोरगा जर्नल घेऊन आला होता. एमएसची, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलची सळई. एक नमुना ओढून टेन्शन टेस्ट केलेली, दुसरा पिळून टॉर्शन टेस्ट केलेली. त्यावरून त्यानं चार गुणांक काढले होते: यंग मॉड्युलस २०६ गिगापास्कल, रिजिडिटी मॉड्युलस ७६.८, पॉयसन रेशो ०.३४१ आणि बल्क मॉड्युलस २१७.

"काका, सगळी सूत्रं बरोबर आहेत. दोनदा बघितली. तरी सर म्हणतात बल्क चुकलाय."

सर बरोबर होते आणि सूत्रंही बरोबर होती. स्टीलचा बल्क मॉड्युलस १६० ते १७० च्या आसपास येतो. २१७ म्हणजे तिसऱ्या हिश्शाइतकी चूक. गंमत अशी की त्याच्या पहिल्या दोन आकड्यांकडे बघून कुणाला शंका आली नसती. २०६ उत्तम. ७६.८ थोडा कमी, पण 'चालतंय की' म्हणण्याइतका जवळ. मग चौथा आकडा एवढा कसा भरकटला? हा लेख त्याबद्दलच आहे, कारण जर्नलात बहुतेक वेळा तिथं 'ह्यूमन एरर' असं लिहून मोकळं होतात, आणि खरं कारण हाताशी असून बघायचं राहून जातं.

आधी हे चार आकडे काय सांगतात ते पाहू. यंग मॉड्युलस E म्हणजे वस्तू ओढल्यावर लांब व्हायला किती विरोध करते ते. रिजिडिटी मॉड्युलस G म्हणजे चौकोनाचा तिरका चौकोन व्हायला किती विरोध करते ते. बल्क मॉड्युलस K म्हणजे चहूबाजूंनी सारखा दाब दिला तर आकारमान कमी व्हायला किती विरोध करते ते. आणि पॉयसन रेशो ν म्हणजे सळई ओढून लांब होते तेव्हा ती बारीकही होते, त्या बारीक होण्याचं लांब होण्याशी प्रमाण. पहिले तीन गिगापास्कलमध्ये मोजायचे, चौथा नुसता आकडा.

चार आकडे आहेत, पण माहिती दोनच आकड्यांची आहे. पदार्थ सगळ्या दिशांना सारखाच वागत असेल आणि ताण काढल्यावर पूर्ववत होत असेल, तर कुठलेही दोन माहीत असले की उरलेले दोन गणितानं निघतात. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि पोरं ती ओळ पाठ करतात. ती खरी का आहे, हे समजून घ्यायला मार्करचं एक पेन पुरतं.

गोल सळईच्या पृष्ठभागावर मार्करनं एक छोटा चौरस काढा. दोन बाजू सळईच्या लांबीला समांतर, दोन बाजू घेराच्या दिशेनं. आता सळई पिळा. चौरसाच्या बाजूंची लांबी तशीच राहते, पण कोपरे काटकोनात राहत नाहीत. चौरस झुकतो. त्याचा एक कर्ण लांब होतो, दुसरा आखूड होतो. कोपरा जितक्या कोनानं बिघडला तो कोन γ मानला, तर लांब होणाऱ्या कर्णाची स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या मानानं झालेली वाढ, भूमितीनं γ/2 येते. आणि γ म्हणजे शिअर स्ट्रेस τ भागिले G. म्हणून कर्णाची स्ट्रेन झाली τ/2G.

आता तोच कर्ण दुसऱ्या नजरेनं बघा. पिळलेल्या सळईत त्या कर्णाच्या दिशेनं पदार्थ ओढला जातोय, आणि त्याला आडव्या दिशेनं तेवढाच दाबला जातोय. हे नुसतं कागदावरचं नाही. फळ्यावरचा खडू दोन्ही हातांनी पिळून मोडा: तुटलेली कड सरळ आडवी नसते, ४५ अंशात वळत गेलेली असते. बिडाचा नमुनाही टॉर्शन मशीनवर असाच तुटतो, कारण तो त्या तिरक्या दिशेच्या ओढीला बळी पडतो. तर कर्णाच्या दिशेची ओढ त्याला τ/E इतकी लांब करते. आडवा दाबही त्याला लांबच करतो, कारण एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं फुगतं, आणि ते फुगणं ν गुणिले τ/E. दोन्ही मिळून τ(1+ν)/E.

कर्ण तोच, स्ट्रेन तीच. दोन्ही उत्तरं सारखी असलीच पाहिजेत:

τ/2G = τ(1+ν)/E, म्हणून E = 2G(1+ν)

झालं. τ दोन्हीकडून गेला आणि E, G, ν एकमेकांना बांधले गेले.

बल्कचं तर याहून सोपं. घनाला सगळीकडून p दाब दिला. प्रत्येक कड समोरच्या दाबानं p/E इतकी आखडते, पण उरलेल्या दोन बाजूंच्या दाबानं ती 2νp/E इतकी फुगायला बघते. निव्वळ आखडणं (1−2ν)p/E. आकारमानाची घट याच्या तिप्पट. म्हणून

K = E / 3(1−2ν)

आता प्रत्यक्ष चाचण्यांकडे. पोराच्याच नमुन्यांचे आकडे घेतो.

टेन्शनचा नमुना १२ मि.मी. व्यासाचा होता, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ११३.१ चौरस मि.मी. मधल्या ५० मि.मी. भागावर एक्स्टेन्सोमीटर बसवलेला. लोड ५ किलोन्यूटनवरून २० किलोन्यूटनवर नेला आणि त्या दोन रीडिंगमधला फरक घेतला. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण सुरुवातीला जबडे नमुन्यात रुतत असतात, नमुना सरळ होत असतो, आणि ती सगळी हालचाल लांबी वाढल्यासारखी दिसते. थोडा लोड देऊन सगळं बसू द्यायचं, मग मोजायला लागायचं. वरची मर्यादाही महत्त्वाची: २० किलोन्यूटनला स्ट्रेस १७७ मेगापास्कल होतो. माइल्ड स्टील साधारण २५० ला यील्ड होतं, म्हणजे आपण अजून सुरक्षितपणे सरळ रेषेच्या भागात आहोत.

१५ किलोन्यूटनच्या फरकानं स्ट्रेस १३२.६ मेगापास्कल वाढला. लांबी वाढली ०.०३२२ मि.मी. म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीच्या निम्मी. ती भागिले ५०, स्ट्रेन ०.०००६४४. भागाकार केला की E आला २०६ गिगापास्कल.

या ०.०३२२ वर जरा थांबावं लागेल, कारण टेन्शन टेस्टमधली बहुतेक गडबड इथं होते. साध्या डायल गेजवर एक घर ०.०१ मि.मी. चं असतं. त्यावर हे रीडिंग तीन घरांपेक्षा किंचित पुढं दिसेल. तुम्ही ०.०३ लिहिलं तर E येतो २२१, ०.०४ लिहिलं तर १६६. एवढ्या फरकात E ला काही अर्थच उरत नाही. म्हणून हजारांश मिलिमीटर वाचणारा एक्स्टेन्सोमीटर लागतो, आणि तोही नमुन्याच्या दोन्ही बाजूंना मोजून सरासरी देणारा असला तर उत्तम. नमुना जबड्यात एक धागाभर वाकडा बसला तरी एक बाजू जास्त ताणली जाते, दुसरी कमी. एकाच बाजूनं मोजलं तर तो वाकही स्ट्रेन म्हणून मोजला जातो. सरासरी घेतली की वाक निघून जातो.

यूटीएमच्या, म्हणजे नमुना ओढणाऱ्या मशीनच्या, क्रॉसहेडची हालचाल वापरून E काढणं हा तर वेगळाच प्रकार. त्या हालचालीत नमुन्याबरोबर जबड्यांचं घसरणं, मशीनच्या खांबांचं लवणं, सगळं येतं. समजा जबड्यांमधलं अंतर २०० मि.मी. आहे आणि याच लोडला क्रॉसहेड ०.६ मि.मी. सरकला. हिशोब केला तर E येईल ४४ गिगापास्कल. जर्नलात स्टीलचा E ३०, ४० असा दिसला की मी बाकीचं काही न वाचता विचारतो, "एक्स्टेन्सोमीटर लावला होता का रे?"

पोरानं लावला होता. त्याचे २०६ पक्के होते.

आता टॉर्शन. नमुना १० मि.मी. व्यासाचा, २०० मि.मी. गेज लांबीचा. टॉर्क २ न्यूटन-मीटरवरून २० वर नेला, फरक १८. तेवढ्यात त्या २०० मि.मी. मध्ये सळई २.६३ अंश पिळली गेली. पृष्ठभागावरचा सगळ्यात मोठा शिअर स्ट्रेस २० न्यूटन-मीटरला १०२ मेगापास्कल होतो, म्हणजे इथंही अजून इलास्टिक भागातच.

टॉर्क T, गेज लांबी L, पिळण्याचा कोन θ आणि व्यास d धरला तर सूत्र असं:

G = TL / Jθ, J = πd⁴/32

कोन रेडियनमध्ये घालायचा. २.६३ अंश म्हणजे ०.०४५९ रेडियन. (अंश तसेच घातले तर G सत्तावन्न पटीनं लहान येतो, ती चूक लपत नाही, म्हणून मी तिची काळजी करत नाही. जुन्या मशीनवर टॉर्क किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये असतो. तिथं ९.८१ नं गुणायचं विसरलं तरी उत्तर दहा पटीनं चुकतं, तेही दिसतं. भीती वाटावी ती न दिसणाऱ्या चुकांची.)

१० मि.मी. व्यासाला J येतो ९८१.७. आकडे घातले की G येतो ७९.९ गिगापास्कल.

पण पोराकडं ७६.८ होता. टॉर्क तोच, कोन तोच, लांबी तीच. राहिला व्यास. त्याच्या पानावर व्यास लिहिला होता १०.१० मि.मी.

नमुना हातात घेऊन मी मायक्रोमीटरनं मोजला. गेज भागात पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या दिशांनी. सगळीकडं १०.०० च्या आजूबाजूला. मग खांद्याजवळ, जिथं बारीक भाग गोलाई घेत जाड भागाला मिळतो, तिथं मोजला. तिथं १०.१० आला. त्यानं व्हर्नियर एकदाच लावला होता आणि जबडा नेमका त्या गोलाईच्या सुरुवातीला बसला होता. शंभरात एक चूक. इतकी चूक वर्कशॉपमध्ये कुणी चूक म्हणणारही नाही. पिस्टन रॉडच्या कामात म्हणतात, ते सोडा.

पण J मध्ये व्यासाचा चौथा घात आहे. व्यास १ टक्का वाढला की J ४ टक्के वाढतो, G ४ टक्के घटतो. ७९.९ चा ७६.८ होतो. इथपर्यंत ठीक. चार टक्के. पुढं काय होतं ते बघण्यासारखं आहे.

ν = E/2G − 1

खऱ्या आकड्यांनी: २०६ भागिले १५९.८, म्हणजे १.२८९, त्यातून १ वजा. ०.२८९. आता चुकीच्या G नं: २०६ भागिले १५३.६, म्हणजे १.३४१, वजा १. ०.३४१.

भागाकार १.२८९ चा १.३४१ झाला, चारच टक्क्यांनी. पण त्यातून १ वजा केला की उरतं लहान, आणि चूक मात्र सगळीच्या सगळी त्या लहान उरलेल्यात येऊन बसते. ०.२८९ वर ०.०५२ म्हणजे १८ टक्के. मोठ्या आकड्यातून जवळचा दुसरा मोठा आकडा वजा करायचा आणि उरलेल्या चिमुटभरावर विश्वास ठेवायचा, असा हा धंदा आहे.

बल्कमध्ये हीच वजाबाकी पुन्हा एकदा होते. (1−2ν) मध्ये १ मधून ०.५७८ वजा करून ०.४२२ उरायला हवेत. पोराकडं १ मधून ०.६८३ वजा होऊन ०.३१७ उरले. तेही भाजकात. खरा K १६३, त्याचा २१७. व्यास उलट्या बाजूनं चुकून ९.९० लिहिला असता तर G ८३.२, ν ०.२३८ आणि K १३१ आला असता. म्हणजे व्यासात एक टक्का इकडं-तिकडं, आणि बल्क मॉड्युलस १३१ पासून २१७ पर्यंत कुठंही.

स्टीलसाठी लक्षात ठेवायला सोपा हिशोब असा: G मध्ये १ टक्का चूक झाली की ν मध्ये साधारण साडेचार टक्के आणि K मध्ये सहा टक्के. E मध्ये १ टक्का झाली की K मध्ये सात. त्यामुळं E आणि G दोन्ही एक-एक टक्क्यानं विरुद्ध दिशेला चुकले, तर K तेरा टक्के हुकतो. माझ्या मते जर्नलात K चा आकडा लिहिताना त्याच्याबरोबर ही मर्यादा लिहायला लावली पाहिजे. '१६२.८' असं दशांशासकट लिहिणं ही शुद्ध फुशारकी आहे. '१६० च्या आसपास' हे जास्त खरं उत्तर आहे.

कोनाचंही तसंच. २.६३ अंश वाचताना कोनमापक दशांश अंशच दाखवत असेल, तर रीडिंग २.६ किंवा २.७. ही एकटी चूक तीन टक्क्यांपर्यंत जाते, आणि K मध्ये अठरा टक्के बनून बाहेर पडते. त्यावर उपाय सोपा आहे: गेज लांबी वाढवा. ४०० मि.मी. सळईवर तोच टॉर्क दुप्पट कोन देईल. आणि कोन मशीनच्या चकवरून न वाचता सळईवरच, गेज लांबीच्या दोन टोकांना पकडलेल्या दोन काट्यांवरून वाचा. चकमध्ये नमुना किंचित सरकतो, खांद्यांचे भागही थोडे पिळतात, आणि ते सगळं कोनात मिसळून G कमी दाखवतं. क्रॉसहेड आणि एक्स्टेन्सोमीटरची जी गोष्ट, तीच इथं.

गणित करायच्या आधीच चूक पकडायची एक चाळणी आहे. साध्या धातूंमध्ये ν शून्य ते अर्धा यांच्या मध्येच असतो. E = 2G(1+ν) मध्ये ही दोन टोकं घालून बघा: G हा E च्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त आणि निम्म्यापेक्षा कमी असलाच पाहिजे. २०६ साठी म्हणजे ६९ ते १०३ च्या मध्ये. G ६९ च्या खाली गेला तर ν अर्ध्याच्या वर जातो आणि K चक्क ऋण येतो, म्हणजे दाबल्यावर फुगणारं स्टील. मी अशी जर्नलं बघितली आहेत, सही-शिक्क्यासकट. पण ही चाळणी ढोबळ आहे. पोराचा ७६.८ तिच्यातून आरामात पार झाला असता. स्टीलपुरती बारीक चाळणी हवी असेल तर E ला G नं भागून बघा. २.५५ ते २.६ च्या आसपास यायला हवं. त्याचं उत्तर २.६८ होतं.

मग असा प्रश्न येतो की व्यासाचा चौथा घात इतका छळतो, तर त्यातून सुटका नाही का? आहे, आणि ती जुनी आहे. १८२९ च्या सुमाराला पॉयसननं रेणूंच्या आकर्षणाच्या गणितावरून सांगितलं होतं की ν सगळ्याच पदार्थांचा एक चतुर्थांश असतो. तसं असतं तर G नेहमी E च्या ०.४ पट आला असता आणि टॉर्शन टेस्टची गरजच उरली नसती. हे खरं आहे का, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. १८५९ मध्ये किरखॉफनं (तोच, इलेक्ट्रिकल सर्किटच्या नियमांचा) गोल स्टीलच्या सळईवर प्रयोग केला. त्यानं सळई ओढली नाही. एकाच सळईला एकाच वेळी वाकवलं आणि पिळलं.

यातली युक्ती अशी की पिळण्याच्या सूत्रात जसा छेदाचा J लागतो, तसा वाकण्याच्या सूत्रात छेदाचा I लागतो. गोल सळईत J हा I च्या बरोबर दुप्पट असतो, आणि दोन्हींत व्यासाचा चौथाच घात आहे. म्हणून वाकण्याचा आकडा भागिले पिळण्याचा आकडा केला की व्यास पूर्ण कटून जातो:

EI / GJ = E / 2G = 1 + ν

व्यास मोजलाच नाही तरी चालतं! किरखॉफला स्टीलसाठी ०.२९४ मिळाला. एक चतुर्थांश नव्हे. आपल्या ०.२८९ च्या शेजारीच.

ओढणं आणि पिळणं या जोडीत ही सोय अर्धीच मिळते. E मध्ये व्यासाचा वर्ग आहे, G मध्ये चौथा घात. दोन्ही चाचण्यांसाठी एकाच सळईतून, एकाच मापाचे नमुने काढले आणि एकाच मायक्रोमीटरनं मोजले, तर मायक्रोमीटरची चूक E ला दोन पट आणि G ला चार पट लागते, गुणोत्तरात फक्त दोन पट उरते. अर्धी चूक आपोआप कटली. म्हणून लॅबमध्ये कुणी दोन चाचण्यांसाठी दोन वेगवेगळ्या ठिकाणचे बार आणले की मी परत पाठवतो. वेगळ्या बारची धातूही किंचित वेगळी असू शकते, आणि तो 'किंचित' K पर्यंत पोचेपर्यंत किती मोठा होतो ते वर बघितलंच आहे.

इथवर सगळं स्टीलचं. पण बेळगावचं खरं काम बिडाचं आहे. उद्यमबाग, मच्छे, इथल्या फाउंड्र्यांतून ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नचं कास्टिंग बाहेर पडतं, आणि तिथून येणारी मंडळी कधीतरी विचारतात, आमच्या मटेरियलचे चारही मॉड्युलस द्या की. एसजी आयर्नला देता येतात. त्यातला ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो, सुरुवातीचा भाग बऱ्यापैकी सरळ रेषेत जातो, E १७० च्या आसपास येतो.

ग्रे आयर्नला मात्र ही पद्धत तशीच लावता येत नाही. त्यातला ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि ओढलं की प्रत्येक पापुद्र्याच्या कडेला धातू लगेच थोडा-थोडा सैल पडतो. त्यामुळं लोड-लांबीच्या आलेखात सरळ रेषाच नसते, पहिल्यापासून वाक असतो. ५ ते २० किलोन्यूटनमध्ये काढलेला E आणि २ ते ८ मध्ये काढलेला E वेगळा येईल, आणि दोन्ही बरोबर असतील. म्हणून ग्रे आयर्नचा E सांगताना कुठल्या स्ट्रेसला हे सांगावंच लागतं.

त्याहून अडचणीची गोष्ट मार्करच्या चौरसात लपली आहे. आपण गृहीत धरलं होतं की कर्णाच्या दिशेची ओढ आणि आडवा दाब, दोन्हींना पदार्थ सारखंच उत्तर देतो. ग्रे आयर्न देत नाही. ओढलं की पापुद्रे उघडतात, दाबलं की मिटतात, म्हणून वरच्या स्ट्रेसला तो ओढीपेक्षा दाबाला जास्त ताठ वागतो. टेन्शन टेस्ट फक्त ओढीचं उत्तर देते. टॉर्शनमध्ये ओढ आणि दाब दोन्ही मिसळलेले. दोन वेगवेगळ्या गोष्टींचं गुणोत्तर काढून त्यातून १ वजा केला तर जे येईल त्याला पॉयसन रेशो म्हणता येणार नाही. अगदी कमी स्ट्रेसला, आलेख सुरू होतो तिथला उतार घेऊन, जेमतेम काहीतरी अर्थ लागतो. एरवी नमुन्यावर एक स्ट्रेन गेज लांबीला आणि एक आडवा चिकटवून ν सरळ मोजावा. मोजलेल्या ν मध्ये वजाबाकी नाही, त्यामुळं चूक फुगत नाही. स्टीललाही ν नेमका हवा असेल तर हाच मार्ग.

दुसरी मंडळी हायड्रॉलिकवाली. सिलिंडरमध्ये तेलाचा दाब वाढला की सील किती आखडेल, त्यासाठी रबराचा बल्क मॉड्युलस हवा, असं म्हणतात. इथं ही पद्धत साफ बंद पडते. रबराचा G साधारण १ मेगापास्कलच्या घरात, K त्याच्या हजारो पट. म्हणजे ν जवळपास ०.५ आणि E जवळपास 3G. दोन्ही गुणांकांवरून K थेट लिहिला तर असा दिसतो:

K = EG / 3(3G − E)

आता G १ मेगापास्कल आणि K २,००० मेगापास्कल धरा. कंसातली वजाबाकी ३ मधून जवळजवळ ३ वजा करून ०.०००५ एवढी उरते. E किंवा G सहा हजारात एका भागानं चुकला तरी ही वजाबाकी शून्य होईल किंवा दुप्पट होईल. असा E मोजणारं मशीन बेळगावात नाही, कुठंच नाही. शिवाय रबर ओढल्यावर सरळ रेषेत वागत नाही आणि वेळ जाईल तसं सैल पडतं, ते वेगळंच. रबराचा K हवा असेल तर तुकडा जाड भिंतीच्या सिलिंडरमध्ये घट्ट बसवायचा, वरून पिस्टननं दाबायचा आणि पिस्टन किती खाली गेला ते मोजायचं. बाजूला फुगायला जागाच नाही, म्हणून पिस्टनची हालचाल म्हणजे जवळपास सगळी आकारमानाची घट. तिथं फक्त एक काळजी घ्यायची: तुकडा आणि भिंत यांच्यात हवेचा पोकळ भाग राहिला, तर सुरुवातीला पिस्टन रबर न दाबता ती पोकळीच भरत जातो. आलेखाचा तो सुरुवातीचा सपाट भाग सोडून पुढचा उतार घ्यायचा.